दहा हजार कमी भरले आणि ४,६१६ रुपये लागले: क्रेडिट कार्डाच्या बिनव्याजी मुदतीचा खरा हिशोब

आजचा विषय असा आहे की व्हिडिओत आकडे झरझर पुढे जातात आणि हातात काही राहत नाही. म्हणून तो इथे सावकाश लिहून देतोय. जवळ कागद-पेन घ्या आणि शक्य असेल तर तुमच्या कार्डाचं मागचं स्टेटमेंट मोबाईलवर उघडून ठेवा.

आधी एक प्रश्न. कार्डाचं बिल ६०,००० रुपये आलं. तुम्ही शेवटच्या तारखेला ५०,००० भरले, १०,००० राहिले. व्याजदर महिना साडेतीन टक्के. तर पुढच्या बिलात व्याज किती येईल?

दहापैकी नऊ जण लगेच सांगतात, दहा हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे साडेतीनशे रुपये. वर जीएसटी धरा, चारशेच्या आसपास. उत्तर तर्काला धरून आहे, पण चुकीचं आहे. साधारण धंदेवाल्याच्या वापरात हाच आकडा साडेचार हजारांच्या वर जाऊ शकतो. तो कसा जातो ते एका दुकानावरून बघू.

समजा, श्रीगोंद्यात तुमचं पाइप-फिटिंग आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक ऊसवाले आणि लिंबूवाले शेतकरी. माल पुण्याच्या होलसेलरकडून येतो आणि त्याला पैसे रोख पाहिजेत. गिऱ्हाईक मात्र म्हणतं, "शेठ, उसाचं बिल आलं की देतो." कारखान्यांनी ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी द्यावी असा नियम आहे, पण ते पैसे कधी वेळेत येतात, कधी लांबतात, हे तालुक्यात कुणाला सांगायला नको. म्हणजे तुमचे पैसे जायची तारीख पक्की आणि यायची तारीख ढिली. मधली फट भरायला तुम्ही क्रेडिट कार्ड वापरता. वापरायला हरकत नाही, कार्ड त्यासाठी चांगलं हत्यार आहे. फक्त त्याचं पातं कुठल्या बाजूला आहे ते माहीत पाहिजे.

तीन तारखा

कार्डाच्या जगात तीन तारखा चालतात. पहिली, तुम्ही खरेदी केली ती तारीख. दुसरी, बिल निघायची तारीख, म्हणजे स्टेटमेंट डेट. तिसरी, पैसे भरायची शेवटची तारीख, म्हणजे ड्यू डेट.

तुमच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघतं असं धरू. मग ११ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हे एक बिलिंग सायकल झालं. या काळात जे जे घेतलं ते १० नोव्हेंबरच्या बिलात येणार आणि भरायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर असणार. बिल पाठवल्यानंतर व्याज सुरू होण्याआधी ग्राहकाला किमान पंधरवडा मिळाला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या क्रेडिट कार्डांबाबतच्या निर्देशांत सांगितलेलं आहे. आपल्या उदाहरणात वीस दिवस धरलेत.

आता बघा, ११ ऑक्टोबरला घेतलेल्या मालाचे पैसे ३० नोव्हेंबरला द्यायचे, म्हणजे ५० दिवस फुकट. १० नोव्हेंबरला घेतलेल्या मालाचेही ३० नोव्हेंबरलाच द्यायचे, म्हणजे फक्त २० दिवस. जाहिरातीत "५० दिवसांपर्यंत बिनव्याजी" असं लिहितात, त्यातला "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केली तर पूर्ण मुदत मिळते, आदल्या दिवशी केली तर तीस दिवस गेले. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं.

माहीत नसतं ते पुढचं. हे २० ते ५० दिवस म्हणजे बँकेनं दिलेला हक्क नव्हे, ती अटीवर दिलेली सवलत आहे. अट एकच: बिलावर `Total Amount Due` म्हणून जो आकडा आहे तो पूर्णच्या पूर्ण, ड्यू डेटपर्यंत जमा झाला पाहिजे. अट पाळली तर व्याज शून्य. अट मोडली, मग ती दहा हजारांनी मोडो नाहीतर हजारानं, तर सवलत मागे घेतली जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं.

हिशोब मांडू

आपल्या दुकानाच्या खरेद्या अशा:

१५ ऑक्टोबरला पाइप आणि फिटिंग, ४०,००० रुपये.
५ नोव्हेंबरला मोटारींचे स्टार्टर, २०,००० रुपये.

१० नोव्हेंबरला बिल आलं, ६०,०००. दुकान चालूच आहे, म्हणून बिल निघाल्यावरही खरेदी झाली:

१२ नोव्हेंबरला ठिबकचं सामान, ३०,००० रुपये.
२ डिसेंबरला केबल, १५,००० रुपये.

३० नोव्हेंबरला तुम्ही पूर्ण ६०,००० भरले असते तर व्याज काही नाही. पाइपचे चाळीस हजार ४६ दिवस फुकट वापरले, स्टार्टरचे वीस हजार २५ दिवस. ठिबक आणि केबलचे पैसे आरामात ३० डिसेंबरला.

पण उधारी आली नाही. तुम्ही ५०,००० भरले. आता १० डिसेंबरच्या बिलात व्याज कसं लागतं ते बघा. दर महिना ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि मोजणी दिवसावर. तीन तुकड्यांत करू.

पहिला तुकडा, जुनी खरेदी. चाळीस हजारांवर १५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर असं ४६ दिवसांचं व्याज, २,११७ रुपये. वीस हजारांवर ५ ते ३० नोव्हेंबर, २५ दिवसांचं, ५७५ रुपये. लक्षात घ्या, यातले पन्नास हजार तुम्ही वेळेत भरलेले आहेत. तरीही भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्यांच्यावर लागलं, कारण अट मोडली.

दुसरा तुकडा, राहिलेली बाकी. दहा हजारांवर ३० नोव्हेंबर ते १० डिसेंबर, दहा दिवस, ११५ रुपये. सगळे जण मनात हिशोब करतात तो फक्त याच तुकड्याचा.

तिसरा तुकडा, नवीन खरेदी. हा आजच्या लेखाचा गाभा आहे. ठिबकच्या तीस हजारांवर १२ नोव्हेंबरपासून १० डिसेंबरपर्यंत २८ दिवस, ९६७ रुपये. केबलच्या पंधरा हजारांवर २ डिसेंबरपासून आठ दिवस, १३८ रुपये. या खरेदीचं बिलसुद्धा अजून निघालेलं नव्हतं! पण मागच्या बिलातली बाकी अंगावर असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नसते. स्वाइप केलं त्या दिवसापासून मीटर चालू.

बेरीज करा: ३,९१२ रुपये व्याज. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ७०४. एकूण ४,६१६. साडेतीनशेच्या जागी चार हजार सहाशे सोळा, आणि सुरुवात फक्त दहा हजार कमी पडण्यापासून झाली.

हे कुणी लपवून ठेवलेलं नाही. मागच्या बिलातली कुठलीही बाकी राहिली तर बिनव्याजी मुदत स्थगित होते, हे बँकेनं आपल्या मुख्य अटींच्या पत्रकात, म्हणजे एमआयटीसीत, स्पष्ट लिहावं असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. ते पत्रक कार्डासोबत येतं आणि बँकेच्या वेबसाइटवरही असतं. त्यात व्याज कसं मोजलं याचं एक उदाहरणही दिलेलं असतं. मोजण्याच्या बारीक तपशिलात बँकेबँकेत फरक असू शकतो, म्हणून माझ्या आकड्यांवर न थांबता तुमच्या कार्डाचं ते उदाहरण एकदा वाचा. अर्धं पान असतं, चहा संपायच्या आत होतं.

आणि "एवढं व्याज लावतातच कसं, काही मर्यादा असेल ना" असंही विचारलं जातं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. तेव्हा त्या तीस टक्क्यांच्या भरवशावर बसू नका. तुमच्या कार्डाचा दर स्टेटमेंटवर छापलेला असतो, तोच खरा.

"पण मी मिनिमम भरलं होतं"

बिलावर दोन आकडे असतात, `Total Amount Due` आणि `Minimum Amount Due`. साठ हजारांच्या बिलावर मिनिमम साधारण तीन हजारांच्या आसपास दिसेल. मिनिमम भरल्यानं काय होतं? उशिराचा दंड लागत नाही आणि सिबिलला थकबाकीदार म्हणून नोंद जात नाही. बस्स, एवढंच. बिनव्याजी मुदत त्यानं वाचत नाही. व्याजाच्या दृष्टीनं मिनिमम भरणारा आणि आपल्यासारखा पन्नास हजार भरणारा एकाच रांगेत उभे असतात, रक्कम तेवढी कमी-जास्त.

असाच गोंधळ तीन दिवसांच्या बाबतीत होतो. ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच उशिराचा दंड लावायचा आणि थकबाकी कळवायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नियम खरा आहे. पण तो दंडापुरता आणि सिबिलपुरता आहे. ड्यू डेट तीन दिवस पुढे गेली असा त्याचा अर्थ कुणी काढू नका. आणि दुसऱ्या अॅपवरून भरलेले पैसे कार्डावर जमा व्हायला कधी एक-दोन दिवस लागतात. ड्यू डेटच्या रात्री भरायचा नाद सोडा, तीन दिवस आधी भरा.

बाकी राहणार हे दिसत असेल तर

समजा २० नोव्हेंबरलाच तुम्हाला कळलं की या वेळी साठ हजार जमणार नाहीत. मग काय करायचं?

सगळ्यात आधी, तो कमी पडणारा दहा हजारांचा तुकडा दुसरीकडून मिळतो का ते बघा. तुमचं बँकेत किंवा पतसंस्थेत कॅश क्रेडिट खातं असेल तर बारा टक्के दरानं दहा हजारांचं महिन्याचं व्याज शंभर रुपये होतं. शंभर रुपयांत ४,६१६ वाचतात. इथं लोक फसतात, कारण ते दराची तुलना करतात: "बारा काय नि बेचाळीस काय, दहा हजारांवर कितीसा फरक पडणार?" पण तुलना दहा हजारांवरच्या व्याजाची नाहीच. दहा हजार कमी पडले की एक लाख पाच हजारांच्या खरेदीवरची सवलत जाते. म्हणून शेवटच्या दहा हजारांची किंमत पहिल्या पन्नास हजारांपेक्षा जास्त असते.

घरातली एफडी मोडणं, घरच्यांकडून पंधरा दिवसांसाठी घेणं, होलसेलरला "या वेळी अर्धे पुढच्या आठवड्यात" असं सांगून पाहणं, हे सगळं या हिशोबात बसतं. खासगी सावकाराकडे जायला मात्र मी सांगणार नाही. पंधरा दिवसांचे पैसे तिथं पंधरा दिवसांचे राहत नाहीत.

मोठी एखादी खरेदी ईएमआयमध्ये बदलून घेण्याची सोयही बँका देतात. ती ड्यू डेटच्या आधी करावी लागते. मग त्या महिन्याच्या बिलात पूर्ण खरेदीऐवजी फक्त हप्ता येतो आणि तो धरून पूर्ण बिल भरलं तर बाकीच्या खरेदीची मुदत टिकते. दर कार्डाच्या दरापेक्षा कमी असतो, पण प्रोसेसिंग फी आणि जीएसटी मिळवून आकडा काढा. कार्डाच्या लिमिटमधून ती रक्कम अडकून राहते हेही ध्यानात ठेवा.

यातलं काहीच जमलं नाही, तर निदान दोन गोष्टी करा.

एक, जे आहेत ते पैसे लगेच भरा, ड्यू डेटची वाट बघू नका. एरवी ड्यू डेटपर्यंत पैसे हातात ठेवणं शहाणपणाचं, कारण व्याज नसतं. पण पूर्ण बिल भरलं जाणार नाही हे नक्की असेल तर व्याज रोज चाललेलं आहे. तेच पन्नास हजार ३० नोव्हेंबरऐवजी १६ नोव्हेंबरला भरले असते तर चौदा दिवसांचे ८०५ रुपये व्याज आणि त्यावरचा जीएसटी वाचला असता. गल्ल्यात पडून राहिलेल्या पैशाला इथं रोजचं भाडं आहे.

दोन, ते कार्ड कपाटात ठेवा. बाकी असताना केलेली प्रत्येक खरेदी पहिल्या दिवसापासून ४२ टक्क्यांनी होते. त्यात हल्ली एक नवी गंमत आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. जोडलं की आपण विसरून जातो आणि चहाच्या टपरीपासून काष्टीच्या बाजारापर्यंत जिथं क्यूआर दिसेल तिथं स्कॅन करतो. पैसे बँक खात्यातून गेले असं वाटतं, प्रत्यक्षात ती कार्डाची खरेदी असते. बाकी असेपर्यंत अॅपमध्ये पैसे देण्याचं खातं बदलून बचत खातं किंवा करंट खातं करून ठेवा. एटीएममधून कार्डावर रोख काढणं तर कधीच नको. तिथं बाकी असो-नसो, बिनव्याजी मुदत नसतेच, आणि वर काढण्याची फी वेगळी.

मुदत परत कशी मिळते

पुन्हा आपल्या दुकानाकडे येऊ. ५ डिसेंबरला गिऱ्हाइकांची ऊसबिलं झाली, तुमच्याकडे साठ हजार आले. आता बरेच जण म्हणतात, "१० तारखेला बिल निघू दे, मग ३० तारखेपर्यंत भरू, अजून पंचवीस दिवस आहेत." हे पंचवीस दिवस आता फुकट नाहीत. राहिलेले दहा हजार आणि नव्या खरेदीचे पंचेचाळीस, असे पंचावन्न हजार ५ डिसेंबरलाच भरून टाका. अॅपमध्ये बिल निघायच्या आधीही पैसे भरता येतात, रक्कम स्वतः टाकायची असते. म्हणजे मुद्दल शून्यावर येतं आणि व्याजाचं मीटर तिथंच थांबतं. मग १० डिसेंबरच्या बिलात फक्त ५ तारखेपर्यंतचं व्याज आणि जीएसटी येईल. ते ३० डिसेंबरच्या आत पूर्ण भरलं, की खातं स्वच्छ.

न भरता ३० डिसेंबरपर्यंत थांबलात आणि तेव्हा बिलाचे पूर्ण ५९,६१६ भरलेत, तरी पुढच्या बिलात पुन्हा व्याजाची एक ओळ दिसू शकते. १० ते ३० डिसेंबर या वीस दिवसांचं ते मागे राहिलेलं व्याज असतं. "मी तर पूर्ण भरलं होतं" म्हणून कस्टमर केअरशी भांडण होतं ते बहुतेक वेळा याच ओळीवरून. भांडण्यापेक्षा ती रक्कम भरा आणि तोपर्यंत कार्ड वापरू नका. एक अख्खं बिल असं येऊ द्या की ज्यात व्याजाची ओळच नाही. मग मोठी खरेदी सुरू करा.

ती ओळ ओळखायची कशी? स्टेटमेंटवर व्यवहारांच्या यादीत `Finance Charges` किंवा `Interest` असं लिहिलेलं असतं आणि त्याच्या खाली जीएसटीची ओळ. ही जोडी दिसली म्हणजे तुमची बिनव्याजी मुदत त्या महिन्यात गेलेली होती. मागच्या सहा महिन्यांची स्टेटमेंट उघडून फक्त ही ओळ शोधा. काही दुकानदारांना ती सहाच्या सहा महिन्यांत सापडते, आणि त्यांना वाटत असतं की आपण कार्डाचे पॉइंट कमावतोय!

तारीख बदलून घ्या

शेवटची गोष्ट, कमी लोकांना माहीत असलेली. बिलिंग सायकल बदलून मागायची सोय ग्राहकाला किमान एकदा दिलीच पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलेलं आहे. त्यासाठी पैसे कधी येतात ते आधी तपासा. गेल्या वर्षभराची रोजकीर्द काढा आणि उधारीची मोठी वसुली महिन्याच्या कुठल्या आठवड्यात होते ते बघा. ती साधारण १ ते ७ तारखेला होत असेल, तर ३० ची ड्यू डेट तुमच्या नेमकी उलटी आहे. बिल २० तारखेला निघेल अशी सायकल मागा, म्हणजे भरायची तारीख पुढच्या महिन्याच्या १० च्या आसपास येईल.

अर्ज अॅपमधून, कस्टमर केअरला फोन करून किंवा ईमेलनं करता येतो. मात्र बाकी शून्य असताना करा. आणि बदल होतो त्या महिन्यात एक बिल नेहमीपेक्षा कमी किंवा जास्त दिवसांचं निघू शकतं, त्यामुळे त्या बिलाची ड्यू डेट अंदाजानं न धरता स्टेटमेंटवर वाचूनच पैसे भरा.